परदेशी कंपनीला इंटर्नशिपचा मेल पाठवतोय, तारखा आणि अटॅचमेंट एकदा बघून द्याल का?

ओंकार_स

नमस्कार मंडळी. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या सातव्या सत्रात आहे. आठव्या सत्रात आम्हाला वर्ग नसतात, बाहेर कंपनीत काम करून त्यावर प्रकल्प सादर करायचा असतो. जर्मनीत दाबाचे सेन्सर बनवणारी एक छोटी कंपनी मला सापडली आहे. इंटर्नशिपची जाहिरात अशी नाही, पण वेबसाइटवर अर्जासाठी एक मेल पत्ता दिलाय आणि खाली मनुष्यबळ विभागातल्या एका बाईंचं नाव आहे.

मेल इंग्रजीतच लिहिलाय, इथे मराठीत सांगतो. विषय `Application for Internship`. सुरुवात "रिस्पेक्टेड सर/मॅडम". मग माझं शिक्षण, मग कंपनीचं थोडं कौतुक, मग मी स्ट्रेन गेजवर केलेला प्रकल्प. शेवटी असं: "मी 11/01/2027 पासून उपलब्ध आहे. कालावधी 2 ते 6 महिने, आपल्या सोयीप्रमाणे. मुलाखतीसाठी कधीही तयार आहे."

अटॅचमेंट पाच: सीव्ही, सहा सत्रांच्या गुणपत्रिका स्कॅन करून, सरांचं शिफारसपत्र, पासपोर्ट आणि कार्यशाळांची प्रमाणपत्रं. सगळं मिळून 34 एमबी झालं. जीमेलने आपणहूनच ड्राइव्हची लिंक करून दिली, म्हणजे तो प्रश्न मिटला. बाकी काय बदलू?

गणू_गडबडे

ड्राइव्ह वगैरे नको, सगळ्याची झिप कर आणि एकच फाइल लाव. सुटसुटीत. आणि जर्मनीत आपला सीजीपीए कुणाला कळत नाही, तो त्यांच्या पद्धतीत बदलून लिही. तिकडे 1.0 म्हणजे सर्वांत चांगलं आणि 4.0 म्हणजे काठावर पास. नेटवर सूत्र आहे, दोन मिनिटांचं काम.

नीलकंठ

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी चाळीस ठिकाणी मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी ओळखीतून काम झालं. एजंटला किती पैसे मागतात हे आधी विचारून घे, फसवणूक फार आहे.

ओंकार_स

काका, एजंट नाहीये. मी थेट कंपनीलाच लिहितोय.

प्रवासिनी

ओंकार, मी जर्मनीतच एका कारखान्यात चाचणी विभागात काम करते. असे मेल माझ्यापर्यंत येतात, म्हणून ते कसे येतात ते आधी सांगते. मग तुझं काय अडतंय ते आपोआप कळेल.

तू लिहिलेला मेल मनुष्यबळातल्या बाई उघडतात. त्यांना स्ट्रेन गेज कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्या तो माझ्यासारख्या कुणाला तरी पुढे ढकलतात, वर एक ओळ लिहून: "तुमच्याकडे कुणी हवंय का?" मी तो दोन कामांच्या मधे, बहुतेक वेळा फोनवर बघते. मला तीन गोष्टी हव्या असतात. हा पोरगा काय करू शकतो, कधीपासून कधीपर्यंत येणार, आणि ही इंटर्नशिप त्याच्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे की त्याची हौस. यातली एकही तुझ्या मेलमधून धड कळत नाही.

"2 ते 6 महिने, आपल्या सोयीप्रमाणे" हे तुला नम्रपणाचं वाटतं. मला त्याचा काहीच उपयोग होत नाही. दोन महिन्यांच्या मुलाला मी कुणाच्या तरी हाताखाली मोजमापं घ्यायला बसवीन. सहा महिन्यांच्या मुलाला स्वतंत्र बाक आणि स्वतंत्र विषय देता येतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची परवानगी मी वेगवेगळ्या माणसांकडे मागते. तू ठरवलं नाहीस तर मला तुला मेल करून विचारावं लागणार, आणि त्या आठवड्यात मला वेळ नसला तर ते राहूनच जाणार.

आणि 11/01 म्हणजे काय? इथले लोक 11 जानेवारी वाचतील. पण कंपनीचं एखादं ऑफिस अमेरिकेत असेल आणि मेल तिकडे गेला तर ते 1 नोव्हेंबर समजतील. महिना अक्षरात लिही.

ओंकार_स

ताई, मनापासून धन्यवाद. परीक्षा 18 डिसेंबरला संपते. त्यानंतर कॉलेजला जूनअखेरच्या तोंडीपर्यंत माझी गरज नाही. मधे एक आढावा असतो, तो ऑनलाइन देता येतो. म्हणजे 11 जानेवारीपासून धरलं तरी जवळजवळ साडेपाच महिने हातात आहेत. पण एवढा लांब काळ मागितला तर ते घाबरतील म्हणून 2 ते 6 लिहिलं.

प्रवासिनी

घाबरतील, पण वेगळ्या कारणाने. इथे किमान वेतनाचा कायदा 1 जानेवारी 2015 पासून आहे. शिकत असताना हौसेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंत असेल तर तो लागू होत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठरवली की पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं, चौथ्या महिन्यापासून नाही. अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर मात्र तो लागू होत नाही, कालावधी मोठा असला तरी.

आता बाईंच्या जागी बसून बघ. "2 ते 6 महिने" वाचलं की हा खर्चात बसतो की नाही हेच त्यांना कळत नाही. सक्तीची असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिही आणि कॉलेजचं पत्र जोड. तुझं शिफारसपत्र, प्रमाणपत्रं या सगळ्यांपेक्षा ते एक पान कामाचं आहे.

पत्रात शब्द कोणते आहेत ते बघ मात्र. "विद्यार्थ्याला इंटर्नशिप करण्याची परवानगी आहे" हे चालत नाही. "पदवीसाठी इंटर्नशिप करणे आवश्यक आहे" असं हवं, आणि किमान किती आठवडे तेही. बाहेरच्या देशातल्या कॉलेजचं पत्र आलं की इथली कंपनी बहुधा आपल्या सल्लागाराला विचारूनच ठरवते, त्यामुळे पत्र दिलं म्हणजे झालंच असं मी म्हणणार नाही. पण त्यांना विचारायला काहीतरी हातात तर हवं.

चष्मेवाला

वा, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त भाषेचं बोलतो. ज्यांचं नाव वेबसाइटवर छापलंय त्यांना "रिस्पेक्टेड सर/मॅडम" म्हणणं म्हणजे दारावरची पाटी न वाचता "घरात कोणी आहे का" ओरडणं. बाईंचं आडनाव लिही. आणि कंपनीचं कौतुक काढ. त्यांची कंपनी "जगप्रसिद्ध" आहे की नाही हे त्यांना तुझ्याहून जास्त माहीत आहे. त्या जागी प्रकल्पाचा परिच्छेद वर आण. तुझ्या प्रकल्पात नेमकं काय होतं?

ओंकार_स

दाबाचा सेन्सर आम्ही स्वतःच बनवला होता. दाब शून्य असतानाही तापमान 20 वरून 60 अंशांवर नेलं की वाचन सरकायचं. ते किती सरकतं हे दर पाच अंशांना मोजलं आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये तक्ता भरून दुरुस्त केलं. मेलमध्ये एवढं नाही लिहिलं. "सेन्सर क्षेत्रात विशेष रुची" असं लिहिलंय.

प्रवासिनी

अरे, मग हेच लिही! "विशेष रुची" सगळेच लिहितात. शून्य सरकतं हे ज्याने स्वतः बघितलंय त्याला मी फोन करीन. किती सरकत होतं आणि दुरुस्तीनंतर किती उरलं, हे दोन आकडे टाक. आकडे फार चांगले नसले तरी चालतील, खरे असू देत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार आहे.

शलाका

मी मागच्या वर्षी युरोपातल्याच एका कंपनीत केली होती. "मुलाखतीसाठी कधीही तयार" यावर माझा अनुभव सांगते. मीही तसंच लिहिलं होतं. त्यांनी ऑगस्टमधली तारीख देऊन "10:00 CET" असं कळवलं. मी हुशारी करून CET म्हणजे ग्रिनिचच्या एक तास पुढे धरलं, म्हणजे आपले दुपारचे अडीच. अडीचला लॉगइन केलं तर कुणीच नाही. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं एक तास पुढे असतात आणि त्या वेळेचं खरं नाव CEST. पण ऑफिसातला माणूस सवयीने बारा महिने CET च लिहितो. त्यांच्या भिंतीवरचे दहा म्हणजे आपले दीड. मी एक तास उशिरा पोचले होते.

माफीचा मेल केला, पुन्हा वेळ मिळाली. पण त्या मधल्या दोन दिवसांत मला धड झोप नव्हती.

ओंकार_स

बाप रे. मग काय लिहायचं? आमचे तास मंगळवारी आणि गुरुवारी दोन वाजता संपतात.

शलाका

दोन्ही घड्याळं लिही. मंगळवार आणि गुरुवार, भारतीय वेळ 14:30 ते 18:30, म्हणजे जर्मनीतले 11:00 ते 15:00. CET, CEST च्या भानगडीत पडूच नकोस, सरळ "जर्मनीतली वेळ" असं लिही. फक्त 25 ऑक्टोबरला त्यांची घड्याळं मागे जातील, त्यानंतर तेच तुझे तास त्यांच्याकडे 10:00 ते 14:00 होतील. उत्तर यायला उशीर झाला तर हे ध्यानात ठेव.

गणू_गडबडे

माझी झिपची सूचना कुणाला आवडलेली दिसत नाही :)

प्रवासिनी

गणू, आवड-नावडीचा प्रश्न नाही. आमच्या मेल सर्व्हरवर अनोळखी माणसाकडून आलेली झिप अडकून पडते, कारण आत काय आहे याची धास्ती. मला "एक संदेश रोखला आहे" अशी सूचना येते आणि मी ती सहसा उघडत नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण हा धोका पत्करायचा कशाला?

ड्राइव्हच्या लिंकचंही तेच. ओंकारला वाटतंय प्रश्न मिटला, पण तो खरं तर पुढे सरकला आहे. त्या लिंकला फाइल बघण्याची परवानगी नीट दिली गेली नसेल तर बाईंना "Request access" असं बटण दिसणार. त्यांनी ते दाबलं तर ओंकार परवानगी देईपर्यंत काम थांबलं. आणि परवानगी फक्त बाईंच्या पत्त्याला असेल तर त्यांनी मेल मला ढकलल्यावर माझ्यापुढे पुन्हा तेच बटण. परवानगी सर्वांना उघडी ठेवली, तर पासपोर्टची प्रत लिंक असलेल्या कुणालाही दिसणार. पासपोर्ट तर काढूनच टाक रे. पहिल्या मेलला तो कुणी मागत नाही.

ओंकार_स

पासपोर्ट काढला. तरी 31 एमबी उरतात, सगळा भार गुणपत्रिकांचा. सहाच पानं आहेत, एवढी मोठी कशी झाली?

चष्मेवाला

600 डीपीआयवर रंगीत स्कॅन केली असणार. 200 वर आणलंस तर आडवे आणि उभे दोन्हीकडे ठिपके एक तृतीयांश होतात, म्हणजे एकूण ठिपके नवव्या हिश्शावर येतात. रंगाऐवजी करडं कर, आणखी उतरेल. शिक्का काळपट दिसेल, दिसू दे. मात्र 150 टक्के मोठं करून बघ, गुणांमधले 3 आणि 8 वेगळे वाचता येतात ना.

आणखी एक. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे म्हणून 24 च्या फाइली लावू नकोस. मेलमधून जाताना फाइल अक्षरांत बदलून जाते, त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. शिवाय समोरच्या सर्व्हरची मर्यादा तुझ्यापेक्षा कमी असू शकते. पाचच्या आत ठेवलंस तर निवांत.

ओंकार_स

केलं. 31 चे 2.8 एमबी झाले! 3 आणि 8 व्यवस्थित दिसतात. चौथ्या सत्राचं पान उलटं होतं, तेही आत्ताच कळलं.

नीलकंठ

भाच्याच्या फाइली किती एमबीच्या होत्या ते विचारतो. त्याने चाळीसही ठिकाणी एकच लिंक पाठवली होती म्हणे.

प्रवासिनी

नीलकंठजी, विचाराच. लिंकची परवानगी काय होती तेही.

गुणांचं राहिलं. ओंकार, तुझा सीजीपीए किती?

ओंकार_स

8.1, दहापैकी. गणूदादांनी सांगितलेल्या सूत्राने 1.95 आला. छान दिसतोय म्हणून सीव्हीत टाकला.

प्रवासिनी

ते सूत्र असं आहे: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव. तू उत्तीर्ण किती धरलेस? 4 धरले असणार, म्हणून 1.95. तुझ्या विद्यापीठात 5 ला उत्तीर्ण असेल तर तेच 8.1 घेऊन 2.14 येतात. दोनच्या अलीकडे की पलीकडे हा फरक इथल्या नजरेला लगेच दिसतो. नियम बघितलास का?

ओंकार_स

नाही... नेटवर 4 होतं म्हणून 4 घेतले. थांबा, बघतो.

आमच्याकडे 5 आहे.

गणू_गडबडे

माझी चूक. सूत्र बरोबर होतं, एवढंच माझ्या बाजूने :)

प्रवासिनी

सूत्र बरोबरच आहे आणि इथली विद्यापीठं प्रवेशासाठी वापरतातही. पण ते काम त्यांचं. तू `8.1 / 10, 10 is the best grade` एवढंच लिही. उत्तीर्ण 5 ला आहे तेही लिहिलंस तर ज्याला हिशेब करायचा तो करेल. स्वतः काढलेला आकडा गुणपत्रिकेवर कुठेच सापडत नाही आणि मग उगाच शंका येते.

शलाका

फाइलींची नावं पण बघ हं. माझी पहिली फाइल `CV_final_new(2).pdf` होती. बाईंच्या फोल्डरमध्ये तशा वीस असतील. नाव आणि आत काय आहे एवढं पुरे.

ओंकार_स

नवा मसुदा. विषय आणि उपलब्धतेच्या ओळी जशाच्या तशा देतो:

```
Subject: Internship, sensor testing, 24 weeks from 11 January 2027

Availability: Monday 11 January 2027 to Friday 25 June 2027,
24 weeks, full time, on site. One online review at my college,
half a day, date to be fixed.

Onkar_S_CV.pdf
Onkar_S_Transcripts_and_College_Letter.pdf
```

पहिल्या परिच्छेदात ही इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे हे, दुसऱ्यात शून्य सरकण्याचे दोन आकडे, मग वरच्या ओळी, मग मुलाखतीच्या वेळा दोन्ही घड्याळांत. शिफारसपत्र "मागितल्यास पाठवीन" असं लिहिलंय. कार्यशाळांची प्रमाणपत्रं काढली, एक सोडून.

गणू_गडबडे

दोन फाइली का? जर्मनीत सगळं एकाच पीडीएफमध्ये मागतात असं मी खरंच वाचलंय. आणि सीव्हीवर फोटो हवा.

प्रवासिनी

पहिलं बरोबर आहे, पुष्कळ कंपन्या एकच पीडीएफ मागतात. त्यांच्या वेबसाइटवर तसं लिहिलं असेल तर मुकाट्याने एक कर. काही लिहिलं नसेल तर मला दोन बऱ्या वाटतात, कारण माझ्याकडे सीव्ही यावा आणि गुणपत्रिका बाईंकडेच राहाव्यात. माझा शेजारी सहकारी याच्या बरोबर उलट सांगेल. फोटोची इथे जुनी पद्धत आहे, सक्ती नाही. नसला म्हणून मी कुणाला मागे टाकलेलं नाही.

24 आठवडे बरोबर मोजलेस. परीक्षा संपून सुरू होईपर्यंत तीन आठवडे ठेवलेस तेही चांगलं, पण व्हिसा त्या तीन आठवड्यांत होईल असं गृहीत धरू नकोस. तुझ्यासारख्या, बाहेरच्या देशात शिकणाऱ्या मुलांच्या इंटर्नशिपला इथल्या रोजगार कार्यालयाची संमती लागते. चार सत्रं पूर्ण झालेली हवीत आणि काम तुझ्या विषयातलं हवं. तू सातव्यात आहेस, त्यामुळे तिथे अडचण नाही. त्यातली काही कागदपत्रं कंपनीला भरावी लागतात, म्हणून आत्ता ऑगस्टमध्येच लिहितोयस हे बरं.

शलाका

ताई, मग व्हिसाचं पहिल्या मेलमध्ये लिहावं का? मी लिहिलं नव्हतं. मुलाखतीनंतर सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला होता.

प्रवासिनी

मी असते तर एक ओळ लिहिली असती: व्हिसा लागेल आणि त्यासाठी कंपनीची काही कागदपत्रं लागतील.

चष्मेवाला

मी लिहिली नसती. पहिल्याच पत्रात आपल्या अडचणींची यादी कोण देतं? आधी मुलाला बघू तरी दे.

प्रवासिनी

छोट्या कंपनीने असं आधी कधी केलं नसेल तर त्यांना आठवडे लागतात, म्हणून म्हणते. पण लिहिल्यामुळे काही जण पुढे वाचतच नसतील, हेही खरं असेल. ओंकार, तुझं तू ठरव.

ओंकार_स

लिहितो, पण सर्वांत शेवटी, एकच ओळ.

आता अडलंय ते पत्रावर. आज विभागात गेलो. त्यांच्याकडे छापील नमुना आहे आणि त्यात "परमिटेड" असाच शब्द आहे. "रिक्वायर्ड" करा म्हटलं तर क्लार्क म्हणाले, नमुना बदलायचा अधिकार आम्हाला नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मात्र आठव्या सत्रापुढे इंटर्नशिप आणि तिचे श्रेयांक छापलेले आहेत. ते पान जोडलं तर चालेल का?

प्रवासिनी

पान जोडच. पत्राच्या लगेच मागे, आणि ती ओळ चौकटीत घे. पण पत्रातला शब्द आणि पुस्तिकेतला शब्द वेगळे दिसले तर बाई कोणता धरतील ते मी सांगू शकत नाही. विभागप्रमुखांना भेटलास का?

ओंकार_स

ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत. पुस्तिकेत किमान 16 आठवडे असं आहे. मी 24 मागतोय. वरचे आठ आठवडे सक्तीचे धरतील की हौसेचे?

चष्मेवाला

आता हा खरा प्रश्न निघाला.

प्रवासिनी

हे मलाही आमच्या बाईंना विचारावं लागेल. उद्या विचारते. तोवर मेल पाठवू नकोस, मसुद्यातच ठेव. आणि पत्त्याचा रकाना रिकामा ठेव, चुकून बटण दाबलं जातं.